चमच्यांचा खेळ आणि टोकाची खुर्ची : एका सोसायटीतल्या स्पर्धेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकच्या इंदिरानगर भागातली एक गृहनिर्माण सोसायटी. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध, चिवडा आणि पत्ते हा तिथला नेहमीचा बेत. एरवी बदाम सात आणि झब्बू रंगतो. त्या वर्षी तरुण मंडळींनी ‘स्पून्स’ची स्पर्धा ठेवायचं सुचवलं, कारण हा खेळ पाच मिनिटांत शिकता येतो आणि आठवीतल्या मुलीपासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत सगळे एका टेबलावर बसू शकतात. १६ नावं आली. कोजागरीच्या आधीच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये आठ-आठ जणांच्या दोन टेबलांवर पहिली फेरी घ्यायची आणि अंतिम फेरी कोजागरीला, असं ठरलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला चार पानं वाटतात. मधे भिडूंपेक्षा एक कमी, म्हणजे आठ जणांना सात चमचे ठेवतात. वाटणारा उरलेल्या गठ्ठ्यातून एक पान उचलतो, हातातलं नको असलेलं एक डावीकडच्याला सरकवतो. तो ते उचलून आपलं एक पुढे सरकवतो आणि अशी पानं टेबलाभोवती फिरत राहतात. वाटणाऱ्याच्या उजव्या हाताला बसलेला शेवटचा भिडू आपलं नको असलेलं पान बाजूच्या ढिगात टाकतो. गठ्ठा संपला की तोच ढीग उलटा करून वापरायचा. ज्याची चौकडी जमते, म्हणजे चार राजे किंवा चार सत्त्या, तो चमचा उचलतो. एकाने उचलला की बाकीच्यांनीही झडप घालायची. ज्याला चमचा मिळाला नाही तो त्या डावात हरला.

आयोजकांनी सगळ्यात सोपा प्रकार घेतला होता. चमचा हुकला की भिडू थेट बाद, आणि पुढच्या डावाआधी एक चमचा कमी. एका टेबलावर सात डाव झाले की विजेता ठरणार. वाटणारा शेवटपर्यंत एकच, कारण त्याला नियम नीट माहीत होते.

काय घडलं

पहिल्या टेबलावरचे आजोबा पहिल्याच डावात बाद झाले. दुसऱ्या डावात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या काकू बाद झाल्या. एका चमच्याला दोघांनी हात घातला, दोघांनीही ओढला, आणि चमच्याच्या दांड्याची कड घासून एकीच्या तळहातावर चांगला दोन इंचांचा ओरखडा उठला. त्याच झटापटीत तिची काचेची बांगडी फुटली. पुढच्या डावात एका कॉलेजातल्या मुलावर आरोप झाला की तो पानं बघतच नाही, नुसता चमच्यांवर डोळा ठेवून बसतो आणि कुणाचं बोट हललं की उचलतो. त्याने एकदा चौकडी नसताना हात पुढे नेला, तिघांनी घाईत चमचे उचलले, आणि कुणाला बाद धरायचं यावर दहा मिनिटं गेली. ‘मुलांचा खेळ आहे, आम्हाला कशाला बसवता’ असं म्हणत दोन ज्येष्ठ उठून गेले.

संध्याकाळी निष्कर्ष असा निघाला की मुलगा लबाड आहे आणि खेळ दांडगट आहे. सोसायटीच्या सांस्कृतिक समितीतल्या चौघांनी दुसऱ्या दिवशी बसून डाव पुन्हा मांडून पाहिला, तेव्हा चित्र बरंच वेगळं दिसलं.

खोट कुठे होती

पहिली गोष्ट टेबल. क्लबहाऊसमधलं टेबल ६ फूट लांब आणि अडीच फूट रुंद. लांब बाजूंना तीन-तीन जण, दोन टोकांना एकेक. चमचे बरोबर मधोमध. लांब बाजूच्या मधल्या खुर्चीपासून टेबलाचा मध्य साधारण ३८ सेंटीमीटरवर येतो. त्याच बाजूच्या कडेच्या खुर्चीवरून तिरका हात घालावा लागतो, ते अंतर ७० सेंटीमीटरच्या आसपास जातं. टोकाच्या खुर्चीवरून ते ९१ सेंटीमीटर. म्हणजे टोकाच्या माणसाला मधल्यापेक्षा दुपटीहून जास्त अंतर, आणि तेही उठून पुढे झुकल्याशिवाय गाठता न येणारं. डोळ्यांनी खूण टिपून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. वयानुसार त्यात थोडी भर पडते, पण या टेबलावर वयापेक्षा खुर्चीचा फरक मोठा होता. ज्याच्यावर लबाडीचा आरोप झाला तो मुलगा लांब बाजूच्या मधल्या खुर्चीवर होता. आणि टोकाची खुर्ची आजोबांना दिली होती ती मानाची जागा म्हणून. पंगतीत जो मान, तो इथे नेमका उलटा पडला.

दुसरी गोष्ट पानांची. वाटणारा आजोबांच्या शेजारीच, त्यांच्या डाव्या हाताला बसला होता. पानं डावीकडे फिरतात, त्यामुळे आजोबा रांगेत शेवटचे. शेवटच्या माणसाकडे सात जणांनी नाकारलेलाच माल येतो असं सगळे म्हणतात, पण खरा तोटा तो नसतो. वरच्या लोकांनी आपल्या हातातून मोडून टाकलेली चांगली पानंही त्याच्याकडेच येतात. खरा तोटा उशिराचा. सगळे सारख्या गतीने खेळले तरी वाटणारा आठवं पान उचलतो तेव्हा कुठे आठव्या भिडूकडे पहिलं पान पोचतं. वाटणाऱ्याची पंधरा पानं बघून झाली तर शेवटच्याची आठ. डाव लवकर संपला तर शेवटच्याला खेळायला मिळालेलंच नसतं.

त्यातही सगळे सारख्या गतीने खेळत नव्हतेच. चौथ्या जागेवरच्या एक काकू प्रत्येक पानावर विचार करत होत्या. त्यांच्यासमोर पाच-सहा पानांचा ढीग साचला, आणि त्यांच्यानंतरचे चौघे रिकाम्या हातांनी बघत बसले. वरचे तिघे मात्र गठ्ठ्यातली पानं भराभर ओढत होते. या खेळात संथ माणूस स्वतःचं नुकसान कमी करतो, आपल्या डावीकडच्यांचं जास्त. आजोबा संथ आहेत असं सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांच्याकडे पानंच येत नव्हती.

तिसरी गोष्ट चमच्यांची. केटरिंगचे स्टीलचे चमचे पातळ असतात आणि त्यांच्या दांड्याच्या कडा घासलेल्या नसतात. उचलताना त्यांनी काही होत नाही. इजा होते ती दोघांनी धरून ओढल्यावर, कारण ज्याच्या हातातून चमचा निसटतो त्याच्या तळव्यावरून ती कड सरकत जाते. नियमात ‘ज्याच्या हाती राहील त्याचा’ असं असेल तर ओढण्याचं बक्षीसच ठेवल्यासारखं आहे.

कोणते पर्याय समोर होते

चौघांमधल्या एकाचं म्हणणं होतं की वयाचे गट पाडावेत. मुलं एका टेबलावर, मोठे दुसऱ्या. हे सोपं होतं, पण टेबल तेच राहिलं असतं तर टोकाच्या खुर्चीवरचा माणूस दोन्हीकडे हरला असता. शिवाय कोजागरीला सगळ्यांनी एकत्र खेळावं म्हणूनच हा खेळ निवडला होता.

दुसरा पर्याय चमचेच काढून टाकण्याचा. चौकडी जमली की नाकाला बोट लावायचं, ते बघून बाकीच्यांनी लावायचं, शेवटचा हरला. अंतराचा प्रश्न मुळातच मिटतो आणि कुणाला लागत नाही. अडचण निवाड्याची. चमचा उरतो किंवा उरत नाही, तिथे वाद कमी. नाकाला शेवटी बोट कुणाचं लागलं हे आठ जणांमध्ये पंचाला दिसत नाही, विशेषतः शेवटचे दोघे जवळपास एकाच क्षणी जागे झाले तर. घरी पाच जणांत हा प्रकार उत्तम चालतो. बक्षीस असलेल्या स्पर्धेत समितीला तो नको वाटला आणि ते बरोबर होतं.

तिसरा पर्याय मोबाईलच्या स्लो मोशनचा होता, तरुणांना तो फार आवडला. पण दोन मिनिटांच्या डावासाठी चार मिनिटं चित्रफीत बघावी लागणार, आणि एकदा बघायची सोय झाली की प्रत्येक हरलेला बघायला मागणार. शिवाय एका कोनातून घेतलेल्या चित्रात सात हात एकमेकांवर आले की खालचा चमचा कुणाच्या बोटाखाली आहे हे दिसतच नाही. हा पर्याय बाजूला पडला.

चौथा पर्याय गठ्ठाच काढून टाकायचा. आठ जण असतील तर फक्त आठ प्रकारची पानं घ्यायची, समजा सातपासून एक्क्यापर्यंत, म्हणजे बरोबर ३२ पानं. सगळी वाटली जातात. मग एकाने ‘पास’ म्हटलं की सगळ्यांनी एकाच वेळी एक पान पालथं डावीकडे ठेवायचं आणि उजवीकडून आलेलं उचलायचं. यात पहिला-शेवटचा कुणी नाही आणि संथ माणसामुळे फक्त त्याच्या डावीकडचे अडकत नाहीत, सगळे सारखे थांबतात. निष्पक्षपणाच्या दृष्टीने हा सगळ्यात स्वच्छ प्रकार. समितीने तो का सोडला, ते पुढे येईलच.

पाचवा पर्याय मूळ खेळ ठेवून मांडणी आणि नियम बदलण्याचा. तो निवडला.

पहिल्या फेरीचं काय करायचं

सगळ्यात अवघड निर्णय हाच होता आणि त्यावर समितीत रात्री उशिरापर्यंत वाद झाला. पहिल्या फेरीतून पुढे गेलेल्यांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. त्यांचा निकाल रद्द केला तर तो त्यांच्यावर अन्याय. तसाच ठेवला तर बाद झालेल्यांच्या पदरी खुर्चीमुळे आलेली हार कायम.

मधला मार्ग म्हणून कुणीतरी सुचवलं की टोकाच्या चार भिडूंनाच पुन्हा संधी द्यावी. हा मार्ग दिसायला बरा, पण कडेच्या खुर्च्यांवरच्यांचं अंतरही मधल्यापेक्षा जवळपास दुप्पट होतं. मग रेघ कुठे ओढायची? शेवटी पूर्ण फेरी रद्द झाली. आरोप झालेल्या मुलाच्या घरी समितीतले दोघे आधी जाऊन बोलले आणि टेबलाची मापं दाखवून तू लबाडी केलेली नाहीस असं त्याच्या आईसमोर सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर कारण लिहिताना त्याचं नाव आलं नाही, फक्त टेबलाची तीन अंतरं आली. हे शहाणपणाचं होतं, कारण मापांशी कुणाला भांडता येत नाही. तरीही पुढे गेलेल्या दोघांनी नाराजी कळवली आणि एकाने नाव मागे घेतलं. त्याच्या जागी दुसरा भिडू मिळाला.

काय बदललं

मंडपवाल्याकडून ४ फूट व्यासाची दोन गोल टेबलं भाड्याने आणली. गोल टेबलावर कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडून ६० सेंटीमीटर. आठ खुर्च्या थोड्या मागे सरकवल्या की दाटी होत नाही. टेबलावरचं सॅटिनचं कापड काढून टाकलं, ते पानांसकट सरकतं. मधोमध मोठं स्टीलचं ताट उपडं ठेवून त्याच्या कडेने खडूने गोल काढला. चमचे या गोलात. त्याबाहेर सुतळीला खडू बांधून २५ सेंटीमीटर त्रिज्येचा दुसरा गोल काढला. ही हाताची रेघ. झडप घालायची नसेल तेव्हा कुणाचंही बोट या रेघेच्या आत यायचं नाही. लहान मुलांना खुर्ची पुढे घेऊन बसायची मुभा दिली. निकष एवढाच की पाठ ताठ ठेवून हात लांबवला की बोटं आतल्या गोलाला टेकली पाहिजेत.

चमच्यांऐवजी दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या एका सभासदाने ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरल नळीचे दहा-दहा सेंटीमीटरचे तुकडे कापून आणले. कापलेली टोकं पॉलिश पेपरने घासून घेतली. काळी नळी पांढऱ्या टेबलावर ठळक दिसते, मुठीत नीट मावते, हाताला लागत नाही, आणि गुंडाळीतून काढलेल्या नळीला मुळातच बाक असतो म्हणून ती गोटीसारखी घरंगळत नाही. आईस्क्रीमचे लाकडी चमचे आधी करून पाहिले होते. ते टेबलाला इतके चिकटून बसतात की नखं लांब असलेल्यालाच पटकन उचलता येतात, म्हणून ते बाद केले.

नळ्या मांडण्यावरून सरावात एक गंमत झाली. आठ जागांसमोर सात नळ्या ओळीने ठेवायच्या आणि वाटणाऱ्यासमोरची जागा रिकामी सोडायची अशी कल्पना होती, म्हणजे त्याला पानं आधी मिळण्याचा फायदा तिथे वजा होईल. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाने आपल्यासमोरची नळी आपली मानली, झडप उरलीच नाही, आणि वाटणारा जवळपास प्रत्येक डावात हरायला लागला. मग ते सोडून दिलं. सातही नळ्या एका पेल्यात घालायच्या आणि दर डावाला पंचाने त्या आतल्या गोलात ओतायच्या. गोलाबाहेर गेलेली आत ढकलायची. एखाद्या डावात एखाद्याला जवळ पडतील, पण ते कुणाच्या हातात राहत नाही.

वाटणं दर डावाला डावीकडे सरकणार. पहिली फेरी बाद पद्धतीने न घेता बरोबर आठ डावांची ठेवली, म्हणजे प्रत्येकजण एकदा वाटणारा आणि एकदा शेवटचा होतो. पंचाने दर डावाला दोनच गोष्टी लिहायच्या, चौकडी कुणाची आणि हुकलं कुणाचं. आठ डावांनंतर ज्यांची चूक कमी ते तिघे पुढे. बरोबरी झाली तर ज्याच्या चौकड्या जास्त तो. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण नुसतं हुकलेलं मोजलं तर पानं न बघता नळ्यांवर डोळा ठेवणं हाच सगळ्यात सुरक्षित खेळ ठरतो. चौकडीला किंमत दिली की पानं खेळावीच लागतात.

पानं साचण्यावर एक छोटा नियम केला. डावीकडच्यासमोर दोन पानं पडलेली असतील तर तिसरं सरकवायचं नाही, थांबायचं. हातात चार आणि उचललेलं एक, याहून जास्त पानं कधीच नाहीत. त्यामुळे वरचे लोक आपोआप संथ माणसाच्या गतीला येतात. काकूंना कुणी ‘लवकर टाका’ म्हणण्याची गरज उरली नाही.

वादाच्या दोन जागा होत्या, त्यांना असं उत्तर दिलं. एका नळीवर दोन हात पडले तर दोघांनी धरून ठेवायचं आणि थांबायचं. ओढेल त्याची चूक, मग नळी कुणाच्याही हाती असो. पंच बघेल. एकाची मूठ नळीभोवती आणि दुसऱ्याचा हात त्यावर असेल तर खालच्याची. सारखंच असेल तर डाव कुणाच्याच खाती नाही, त्याच वाटणाऱ्याने पुन्हा वाटायचं. आणि चौकडी नसताना जो पहिला रेघेच्या आत हात घालेल त्याची चूक. त्याच्या मागोमाग ज्यांनी उचललं त्यांना काही नाही, कारण ते फसले. नळ्या परत आणि नवा डाव. हूल द्यायची असेल तर खांदा हलवा, मान हलवा, हात रेघेबाहेर ठेवा. पहिल्या उचलणाऱ्याने चारही पानं उताणी टाकून दाखवायची, नाहीतर तो फाऊल.

एका पंचाला आठ हात दिसत नाहीत. म्हणून समोरासमोर दोन पंच, प्रत्येकाकडे पलीकडचे चार भिडू. अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवायची. काचेच्या बांगड्या काढायला बऱ्याच जणींची तयारी नव्हती, ते साहजिक आहे. त्यांनी बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधला.

निकाल

बुधवारी संध्याकाळी पहिली फेरी पुन्हा झाली. दोन्ही टेबलांवर मिळून ओरखडा एकही नाही. एका नळीवर दोन हात पडण्याचा प्रसंग तीनदा आला. दोनदा पंचाने लगेच सांगितलं, एकदा डाव पुन्हा वाटला. आजोबांचं आठ डावांत दोनदा हुकलं, त्यातलं एक ते स्वतः शेवटचे असताना. त्यांची एक चौकडीही झाली. ते पुढे गेले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. चौथ्या जागेवरच्या काकूंच्या दोन चौकड्या झाल्या आणि त्या अंतिम फेरीत पोचल्या. तो मुलगाही पोचला.

अंतिम फेरीत सहा भिडू होते आणि लोकांना बाद होण्याची मजा हवी होती, म्हणून तिथे बाद पद्धत ठेवली, पण एका चुकीवर नाही. हुकलं की एक अक्षर, च, म, चा. ‘चमचा’ पूर्ण झाला की बाद. सहांतले पाच बाद व्हायला १५ हुकणं लागतात, विजेत्याची दोनपर्यंत धरली तर जास्तीत जास्त १७ डाव, शिवाय पुन्हा वाटावे लागले तर ते वेगळे. दूध आटेपर्यंत ते बसतं. इंग्रजी प्रकारातली ‘SPOON’ची पाच अक्षरं घेतली असती तर २५ ते २९ डाव झाले असते.

गच्चीवर नवीन अडचणी आल्या. एकाच बाजूला लावलेल्या हॅलोजनमुळे दिव्याकडे पाठ असलेल्यांच्या हाताची सावली नेमकी नळ्यांवर पडत होती. दोन डावांनंतर समोरून दुसरा दिवा लावला. वाऱ्याने ढिगातली पानं उडत होती म्हणून ढीग मिठाईच्या खोक्यात ठेवला. रेघेवरून कुरबुर मात्र वाढली. बोट रेघेवर होतं की आत, हे अर्ध्या इंचाचं भांडण पाच-सहा वेळा झालं आणि दोन्ही पंच वैतागले. विजेती आठवीतली मुलगी. तो मुलगा दुसरा आला.

पुन्हा करायचं तर

रेघ २५ सेंटीमीटरवर फार आत होती. पानं सरकवताना हात तिच्याजवळून जातोच. टेबलाच्या कडेपासून एक वीत आत ओढली तर पानं रेघेच्या अलीकडे फिरतात आणि हात आत गेला तर शंका राहत नाही. रेघेवर बोट टेकलं तर ते बाहेर, हेही आधी सांगायला हवं होतं.

आठहून जास्त भिडू एका टेबलावर बसवायचे झाले तर एक कॅट पुरत नाही. बारा जणांच्या हातातच ४८ पानं जातात, गठ्ठ्यात चार उरतात आणि तीच तीच पानं फिरत राहतात. दोन कॅट एकत्र करायचे, म्हणजे गठ्ठ्यात ५६ राहतात आणि प्रत्येक प्रकारची आठ पानं असल्यामुळे चौकडी अडत नाही. दोन्ही कॅटांची पाठ वेगळी असली तरी चालतं, पण एक जुना आणि एक कोरा नको. मळलेली पानं ओळखू येतात आणि कोरी दोन-दोन एकदम सरकतात.

आणि चौथा पर्याय, सगळ्यांनी एकदम पास करण्याचा. तो सोडला तो अडकण्याच्या भीतीने, आणि भीती खरी आहे. प्रत्येक प्रकारची चारच पानं खेळात असतात. दोघांनी दोन-दोन राण्या धरून ठेवल्या तर राण्यांची चौकडी कधीच होत नाही, आणि बऱ्याच प्रकारांचं असं झालं की डाव नुसता फिरत राहतो. खूण अशी की आपण टाकलेलं पान आठ पासनंतर जसंच्या तसं परत येतं. पण याला उपाय अवघड नाही. पास म्हणणाऱ्याने मोजत राहायचं. तीन पूर्ण चकरा, म्हणजे आठ जणांत २४ पास झाले आणि चौकडी नाही, तर पानं गोळा करून पुन्हा वाटायची. वयाने इतके वेगवेगळे लोक एका टेबलावर असतील तर मूळ प्रकारापेक्षा हाच घ्यावा, कारण यात दोन पानांच्या मर्यादेसारखे जोडनियम लागत नाहीत. पास म्हणणारा मात्र भिडू नसावा. तो स्वतः खेळत असेल तर आपल्या हातात तीन जमल्यावर त्याचा ‘पास’ नकळत भराभर येऊ लागतो आणि पलीकडचे ते ओळखतात. सोसायटीने हे काम पुढच्या वर्षी दूध ढवळणाऱ्याकडे द्यायचं ठरवलंय, कारण तो तसाही बसून नसतो आणि त्याची पाठ टेबलाकडे असते.